प्लॅन शंभरचा, तरी आवाज का तुटतो? बँडविड्थ आणि वेग यांतला फरक घरच्या घरी कसा मोजावा

साखळीला माझी मावशी राहते. ती पेटी शिकवते. गेली काही वर्षं तिचे निम्मे शिष्य ऑनलाइन आहेत, कुणी पुण्याला तर कुणी दुबईला. चवथीनंतर एका संध्याकाळी तिचा फोन आला. "अरे, पन्नासचा प्लॅन सोडून शंभरचा घेतला, महिन्याला जास्त पैसे भरते, तरी सव्वासात झाले की आवाज तुटायला लागतो. मला मुलं नीट ऐकू येतात, पण त्यांना मी ऐकू जात नाही."

तिच्या बोलण्यात कामाच्या दोन खुणा होत्या. एक, त्रास ठरलेल्या वेळी सुरू होतो. दुसरी, तो एकाच दिशेने होतो. मी डिचोली-साखळी भागात घरोघरी नेटची कामं करतो आणि अशा दोन खुणा मिळाल्या की प्लॅन वाढवायचा सल्ला कधीच देत नाही. मावशीकडे जे केलं तेच इथे क्रमाने लिहितो. लॅपटॉप, नेटची एक केबल आणि अर्धा तास असेल, तर मोजणीचा भाग तुम्हीही घरी करू शकाल.

आधी हा आकडा कशाचा ते पाहू

प्लॅनवर जे १०० एमबीपीएस लिहिलेलं असतं ती बँडविड्थ. एका सेकंदात तुमच्या लाइनमधून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते, एवढंच तो आकडा सांगतो. ती माहिती किती वेळात पोचेल, याबद्दल तो काही सांगत नाही.

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. एका तासात किती गाड्या पलीकडे जातात ती झाली बँडविड्थ. मांडवी ओलांडायला बोटीला जो वेळ लागतो त्याला नेटच्या भाषेत लेटन्सी म्हणतात. उद्या दोन बोटी लावल्या तर तासाला दुप्पट गाड्या जातील, पण नदी ओलांडायला लागणारा वेळ तेवढाच राहील. नदी काही अरुंद झालेली नसते. यात तिसरी गोष्टही आहे, ती म्हणजे धक्क्यावरची रांग. रांग मोठी असेल तर नदी ओलांडायला पाच मिनिटं लागत असूनही माणूस घरी अर्ध्या तासाने पोचतो. मावशीचा आवाज या रांगेतच अडकत होता.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. गोव्यातून मुंबईपर्यंत केबलचा रस्ता सहाशे किलोमीटरचा धरला, तर जाऊन यायला निव्वळ प्रवासाचे ६ मिलिसेकंद होतात. पन्नासचा प्लॅन असो की पाचशेचा, प्रकाशाची चाल तीच. मोठ्या प्लॅनमध्ये माहितीचं एकेक पुडकं, म्हणजे पॅकेट, बोटीवर चढायला कमी वेळ लागतो हे खरं, पण तो फरक फार तर एखाद्या मिलिसेकंदाचा असतो. लांबच्या सर्व्हरवरची वेबसाइट नवा प्लॅन घेऊनही तशीच रेंगाळते ती यामुळे. पान दिसायला लागण्याआधी तुमच्या कॉम्प्युटरच्या आणि सर्व्हरच्या दोन-चार फेऱ्या व्हाव्या लागतात. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंतची एक फेरी २०० मिलिसेकंदांच्या पुढे जाते, त्यामुळे पाऊण सेकंद तिथेच संपतो.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवतो. प्लॅनमधला 'बी' हा बिटचा असतो आणि फाइलचा आकार दाखवताना वापरतात तो 'बी' बाइटचा. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे शंभरच्या प्लॅनवर डाउनलोड करताना स्क्रीनवर सेकंदाला ११-१२ एमबी दिसत असतील, तर तुम्हाला पूर्ण माल मिळतो आहे. त्यासाठी कुणाशी भांडायची गरज नाही.

पायरी पहिली: अपलोडचा आकडा विचारा

जाहिरातीत आणि पावतीवर बहुतेक वेळा डाउनलोडचाच आकडा छापलेला असतो. अनेक फायबर प्लॅनमध्ये अपलोडही तेवढंच मिळतं, पण सगळीकडे नाही. ऑपरेटरला फोन करून सरळ विचारा: "अपलोड किती देता? आणि महिन्याचा किती डेटा वापरल्यावर स्पीड कमी होतो?" दुसरा प्रश्नही सोडू नका. महिनाअखेरीस सगळंच मंद होत असेल तर ती मर्यादा संपलेली असू शकते, आणि मग पुढचं काहीच करायची गरज नाही.

मावशीच्या ऑपरेटरने सांगितलं ते असं: पन्नासच्या प्लॅनमध्ये अपलोड १०, शंभरच्या प्लॅनमध्येही अपलोड १०. तिने जादा पैसे मोजले ते येणाऱ्या वाटेसाठी, आणि तिचा आवाज तर जाणाऱ्या वाटेने जातो. मुलं तिला ऐकू येत होती पण ती मुलांना ऐकू जात नव्हती, याचा अर्ध्याहून जास्त उलगडा इथेच झाला.

तरी अर्धा प्रश्न उरतोच. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉललाही अपलोड ३-४ एमबीपीएसहून जास्त लागत नाही. मग १० कमी का पडावं?

पायरी दुसरी: वायफाय बाजूला ठेवून मोजा

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि वायफाय बंद करा. जुन्या गोमंतकीय घरांत हे फार गरजेचं आहे. चिऱ्याच्या हातभर जाड भिंती वायफायचा, त्यातही ५ गिगाहर्ट्झचा, सिग्नल इतका खातात की माडीवर बसून मोजलेला आकडा लाइनबद्दल काहीच सांगत नाही. तो तुमच्या भिंतीबद्दल सांगतो.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig` लिहा. `Default Gateway` समोर दिसतो तो तुमच्या राउटरचा पत्ता. तो बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो. आता घरातल्या बाकी सगळ्यांना पाच मिनिटं नेट वापरू नका म्हणून सांगा आणि या दोन कमांड एकामागून एक चालवा:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिली कमांड राउटरपर्यंतची फेरी मोजते, दुसरी घराबाहेरची. प्रत्येक ओळीत `time=` पुढे मिलिसेकंद दिसतात. केबलवर राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवं. मावशीकडे `time<1ms` आलं. बाहेरचं उत्तर १३ ते १५ मिलिसेकंदांत, तेही न डगमगता. म्हणजे रिकाम्या वेळी लाइन उत्तम होती. ऑपरेटरचा माणूस दोनदा येऊन "लाइन ओके आहे" म्हणून गेला होता आणि तो खोटं बोलत नव्हता. तो सकाळी अकराला यायचा, तेव्हा घरात मावशीशिवाय कुणीच नसायचं.

याच वेळी `fast.com` उघडून डाउनलोड आणि अपलोड मोजून घ्या. अपलोडचा आकडा `Show more info` दाबल्यावर दिसतो. मावशीकडे ९३ आणि ९.८ आले. एक गोष्ट सांगून ठेवतो: प्लॅन दोनशे-तीनशेचा असून मोजणी ९४-९५ लाच अडत असेल, तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं केबल लावायचं पोर्ट शंभरचं आहे, नाहीतर केबलमधली एखादी तार तुटली आहे. आधी केबल बदलून पाहा.

पायरी तिसरी: लाइनवर भार असताना तेच मोजा

बहुतेक लोक रिकाम्या लाइनवर स्पीड टेस्ट करतात आणि समाधान मानतात. खरी परीक्षा भार असताना होते. एका खिडकीत ही कमांड चालू ठेवा:

```
ping -t 8.8.8.8
```

ती `Ctrl+C` दाबेपर्यंत चालते. आता दुसऱ्या एखाद्या उपकरणावरून मोठी फाइल कुठेतरी अपलोड करायला लावा आणि `time=` चे आकडे बघत बसा. ते संपलं की तसंच मोठं डाउनलोड लावून पाहा. `fast.com` वर `Latency` खाली `Unloaded` आणि `Loaded` असे दोन आकडे असतात, तेही हेच सांगतात. पण पिंगच्या ओळी समोर सरकताना पाहिल्या की रांग डोळ्यांदेखत वाढताना दिसते, म्हणून मी नेहमी पिंगच वापरतो.

मावशीकडे मला मुद्दाम भार टाकावा लागला नाही. शिकवणी सात वाजता सुरू झाली, मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलो. १४, १४, १५, १४. सव्वासातला तिचा मुलगा पणजीहून कामावरून आला. त्याने खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला आणि हात-पाय धुवायला गेला. फोनला कुणी हातही लावलेला नव्हता, आणि स्क्रीनवर आकडे बदलले: ३८, ९०, २६०, ४१०, ४८०. मग ते ४८० च्या आसपास थांबले. फोन घरच्या वायफायला जोडला गेला होता आणि त्याने दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले होते. त्या आठवड्यात फोनमध्ये चवथीचे फोटो आणि आरत्यांचे व्हिडिओ मिळून २.४ जीबी साचले होते. सगळं एका दमात जात नव्हतं, म्हणून रोज थोडं थोडं, रोज सव्वासातला.

असं का होतं

फोटो चढवणारा फोन सुरुवातीला सावकाश पाठवतो, मग हळूहळू वाढवत जातो. एखादं पॅकेट वाटेत गळालं की त्याला कळतं, आता भरपूर झालं, आणि तो हात आखडता घेतो. ही पद्धत चांगली आहे, पण त्यासाठी पॅकेट वेळेवर गळायला हवं. आजकालच्या राउटरमध्ये आणि फायबरच्या डब्यात मेमरी भरपूर असते. तो डबा गळू देण्याऐवजी जादा पॅकेट साठवून ठेवतो. फोनला वाटतं वाट मोकळी आहे, तो आणखी पाठवतो. धक्क्यावरची रांग वाढत जाते.

मावशीच्या घरातली रांग मोजूनच पाहू. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १.२५ एमबी. ४८० मिलिसेकंदांची वाट म्हणजे सुमारे ०.६ एमबीची रांग. फोनने काढलेला एक बरा फोटो तीन एमबीचा असतो, म्हणजे एका फोटोच्या पाचव्या हिश्श्याएवढी रांग सगळी शिकवणी बिघडवायला पुरली. कॉलमधला आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे सेकंदाला ५० लहान पॅकेटांत जातो. ट्रकांच्या रांगेत सायकल घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखं त्यातलं प्रत्येक पॅकेट फोटोंच्या मागे उभं राहतं. कॉल चांगला चालायला एका दिशेची वाट १५० मिलिसेकंदांच्या आत असावी असं टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत म्हटलं आहे. इथे रांगच ४८० ची. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. मावशीचा सूर जवळजवळ एक पूर्ण मात्रा उशिरा पोचत होता, आणि मधले काही तुकडे इतके उशिरा की कॉलचं अ‍ॅप ते टाकूनच देत होतं. आवाज तुटतो म्हणतात तो हा.

या दुखण्याला बफरब्लोट असं नाव आहे. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या लाइनवर हेच पाहिलं आणि ते जगासमोर मांडलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल ही रीत काढली. पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघायचं, आणि वाट फार वेळ लांबलेलीच राहिली तर मुद्दाम एखादं गाळायचं, म्हणजे पाठवणारा वेळीच आवरतो. आज राउटरमध्ये जी रांग-व्यवस्था मिळते ती याच विचारावर उभी आहे.

पायरी चौथी: रांग आपल्या ताब्यात घ्या

उपायाची कल्पना सोपी आहे. रांग ऑपरेटरच्या डब्यात तयार होते तोवर आपण काही करू शकत नाही. म्हणून आपल्याच राउटरवर लाइनपेक्षा थोडी कमी मर्यादा लावायची. मग ऑपरेटरचा डबा कधी भरतच नाही, रांग आपल्या राउटरवर लागते आणि तिथे तिला शिस्त लावता येते: प्रत्येक संभाषणाची वेगळी ओळ, प्रत्येक ओळीला आळीपाळीने संधी. फोटो थांबत नाहीत, फक्त आवाजाची वाट अडवत नाहीत.

राउटरच्या सेटिंगमध्ये `SQM`, `Smart Queue` किंवा `QoS` अशा नावाखाली हे शोधा. पहिली दोन नावं दिसली तर उत्तम. नुसतं `QoS` असेल तर त्यात अपलोडची एकूण मर्यादा घालता येते का ते पाहा. ऑपरेटरने दिलेल्या डब्यात बहुधा यातलं काही नसतं. अशा वेळी ऑपरेटरला त्याचा डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो डबा नुसती लाइन पुढे देतो, आणि स्वतःचा राउटर मागे लावा. मावशीकडे मी ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणारा साधा राउटर बसवला. त्यात `luci-app-sqm` हे पॅकेज घातलं की `Network` खाली `SQM QoS` असं पान येतं. तेच कमांडने करायचं तर लॅपटॉपवरून `ssh` ने राउटरमध्ये शिरून तिथे लिहा:

```
uci set sqm.@queue[0].interface='pppoe-wan'
uci set sqm.@queue[0].download='85000'
uci set sqm.@queue[0].upload='9000'
uci set sqm.@queue[0].qdisc='cake'
uci set sqm.@queue[0].script='piece_of_cake.qos'
uci set sqm.@queue[0].enabled='1'
uci commit sqm
/etc/init.d/sqm restart
```

आकडे किलोबिटमध्ये आहेत. `pppoe-wan` हे नाव युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या लाइनसाठी. तुमच्याकडे ते `wan` किंवा आणखी काही असू शकतं, `Network` मधल्या `Interfaces` पानावर पाहून घ्या. मर्यादा ठरवायची ती अशी: सकाळ, दुपार आणि रात्री नऊच्या सुमारास असं तीनदा मोजा, सर्वांत कमी आलेला आकडा घ्या आणि त्याच्या नव्वद टक्के ठेवा. पिंग चालू ठेवून अपलोड लावा. आकडे स्थिर राहिले तर मर्यादा ५०० ने वाढवून पाहा. ज्या आकड्याला पिंग पुन्हा चढायला लागतो त्याच्या एक पायरी खाली या. जुना, कमकुवत राउटर दोनशे-तीनशेच्या लाइनवर हे काम करताना स्वतःच दमतो. मर्यादा लावल्यावर डाउनलोड तिच्याही बरंच खाली आलं तर हे त्याचं लक्षण.

आता मोबदला किती द्यावा लागतो ते पाहा. २.४ जीबी चढवायला १० च्या वेगाने ३२ मिनिटं, ९ च्या वेगाने साडेपस्तीस. फोटो साडेतीन मिनिटं उशिरा चढतात, आणि त्या सगळ्या वेळात मावशीकडचा पिंग ४८० ऐवजी २२ वर राहतो. दुसऱ्या दिवशी सव्वासातला मुलगा आला, फोन टेबलावर ठेवला आणि शिकवणी चालूच राहिली.

राउटर बदलायचा नसेल तर शिकवणीच्या वेळात फोनमधला फोटो बॅकअप बंद ठेवा, किंवा फोन त्या तासाभरापुरता वायफायवरून काढा. उपाय कच्चा आहे, कारण पाहुणे आले की त्यांचे फोन लक्षात राहत नाहीत. पण त्याला खर्च नाही, आणि निदान बरोबर आहे की नाही हे मात्र यातून लगेच कळतं.

आकडे वेगळे आले तर

केबलवर सगळं ठीक पण वायफायवर राउटरचाच पिंग १ वरून ८०-१०० वर उडत असेल, तर दोष घरातल्या घरात आहे. तिथे प्लॅन किंवा रांग-व्यवस्था काही करणार नाही. बसायच्या खोलीपर्यंत केबल नेऊन तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा.

घरात कुणी काही वापरत नसताना रात्री आठ ते अकरा बाहेरचा पिंग वाढत असेल आणि राउटरचा पिंग एकवरच असेल, तर गर्दी तुमच्या घराबाहेर आहे. फायबरची एक तार ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, आणि पुढे ऑपरेटरने घेतलेली लाइनही सगळ्यांत मिळून असते. तिथे तुमच्या राउटरचा इलाज चालत नाही. चार दिवस रोज सकाळी अकरा आणि रात्री नऊचे आकडे तारखेसह लिहून ऑपरेटरकडे द्या. नुसतं "नेट स्लो आहे" म्हटलं की सकाळी माणूस येतो आणि लाइन ओके सांगून जातो.

आणि कधी खरंच बँडविड्थ कमी पडते. एचडी व्हिडिओला सुमारे ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५. घरात दोन फोर-के टीव्ही आणि दोन फोन एकाच वेळी चालत असतील तर ४० झाले. मग तीसच्या प्लॅनवर चित्र धूसर होणारच, आणि तिथे मोठा प्लॅन हाच उपाय.

मावशीच्या घरात एकच टीव्ही आहे. दोन महिन्यांनी ती पन्नासच्या प्लॅनवर परत आली, मी राउटरमधला डाउनलोडचा आकडा ४५००० केला आणि अपलोडला हात लावला नाही. दुबईच्या शिष्यासोबत एकाच वेळी वाजवता येईल का, असं तिने मला विचारलं होतं. ते जमणार नाही हे मी तिला स्पष्ट सांगितलं. समुद्राखालच्या केबलचं अंतर आणि त्यात कॉलच्या अ‍ॅपचा स्वतःचा वेळ मिळवला की ठेका सुटण्याइतका उशीर उरतोच, आणि तो कुठल्याही प्लॅनने कमी होत नाही. म्हणून ती आता आधी एक आवर्तन स्वतः वाजवते, थांबते, आणि मग त्याला वाजवायला सांगते.